कुटायचे काय आणि विकत आणायचे काय?

एप्रिल लागला की मुंबईत लालबागच्या मिरची गल्लीतून नाकाला रुमाल लावल्याशिवाय जाता येत नाही. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्यांच्या राशी, धन्याची पोती, दगडफूल आणि तमालपत्राचे ढीग, आणि आतल्या बाजूला ठणठणणारे डंक. मिरच्या आणि धने निवडून घ्यायचे, तिथेच भाजून घ्यायचे, तिथेच कुटून घ्यायचे आणि हाताला गरम लागणारी मसाल्याची पिशवी घेऊन घर गाठायचे. लालबागसारखी गर्दी नसली तरी कोल्हापूर, सातारा, सावंतवाडी, नाशिक इथल्या कांडपांवर उन्हाळ्यात हेच चित्र असते. वर्षाचा मसाला उन्हाळ्यात, कारण त्या दिवसांत नवी मिरची, नवे धने बाजारात येतात आणि वाळवायला खणखणीत ऊन असते.

हा हिशेब बारा-पंधरा माणसांच्या घरासाठी चोख होता. तिथे पाच किलोची बरणी दिवाळीपर्यंत तळाला जायची. आता घरात माणसे तीन किंवा चार, त्यातली दोन दुपारी बाहेर जेवणारी. मसाला मात्र सवयीने दोन किलो होतो. गणपतीपर्यंत त्याचा वास बरा असतो, दिवाळीत जरा मंदावतो आणि संक्रांतीला आमटीत दोन चमचे घातले तरी आमटी मुकी राहते. याच्या उलट टोकाला जी घरे गेली आहेत, तिथे धनेपूड, जिरेपूड, गरम मसाला, हळद, तिखट सगळेच पुडीतले असते. दोन्ही घरांत चुकते ते एकाच ठिकाणी. सगळे मसाले एकाच पद्धतीने आणि एकाच मुदतीने टिकतात असे दोन्हीकडे धरलेले असते. प्रत्यक्षात लवंग आणि धने यांच्या टिकण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि खोबरे घातलेल्या मसाल्याचे गणित त्याहून वेगळे आहे.

दाण्यात काय असते

मसाल्याचा वास म्हणजे त्यातले सुगंधी तेल. हे तेल हवेत सहज उडते, म्हणून तर ते नाकापर्यंत पोचते. धने आणि जिऱ्याच्या दाण्यात ते बारीक नळ्यांमध्ये बंद असते, वेलदोड्यात ते बियांमध्ये असते आणि बियांवर सालीचे कवच असते. दाणा अख्खा आहे तोवर तेल आत कोंडलेले राहते. दाणा फुटला की नळ्या फुटतात आणि तेल उघड्यावर येते.

किती उघड्यावर येते हे साध्या भूमितीने समजते. धन्याचा दाणा तीन-चार मिलिमीटरचा. त्याची पूड केली, कण दाण्याच्या दहाव्या हिश्शाएवढे झाले, तर तेवढ्याच धन्याचा हवेला लागणारा पृष्ठभाग सुमारे दहापट होतो. तेल उडण्याची वाट दहापट रुंद झाली, आणि हवेतल्या प्राणवायूला आत शिरण्याचीही. अख्खा मसाला चांगल्या डब्यात दोन-तीन वर्षे तग धरतो आणि त्याची पूड काही महिन्यांत फिकी पडते, त्याचे मूळ कारण एवढेच.

पण सगळ्या मसाल्यांची शिल्लक सारखी नसते. लवंगेत तिच्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्के सुगंधी तेल असते. जिऱ्यात ते दोन ते चार टक्क्यांच्या आसपास. धन्यात एक टक्काही भरत नाही. लवंगेची पूड चार महिने उघडी-झाकी राहिली, तिचे अर्धे तेल उडाले तरी उरलेले पुरेसे बोलते. धन्याचे अर्धे गेले तर मागे भुसा राहतो. आणि मराठी स्वयंपाकात सगळ्यात जास्त वापरली जाणारी पूड नेमकी धन्याचीच आहे. ज्याची शिल्लक सर्वांत कमी, तेच आपण सर्वांत मोठ्या पुडीत आणतो आणि सर्वांत जास्त दिवस ठेवतो.

तिखटपणा आणि वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच लक्षात घ्यायला हवे. मिरचीला तिखट करणारे कॅप्सेसिन आणि मिऱ्याला झणझणीत करणारे पायपरीन ही दोन्ही द्रव्ये उडून जाणारी नाहीत. म्हणून वर्षभराच्या जुन्या मिरपुडीनेही जीभ पोळते, पण मिरे ताजे कुटल्यावर येणारा गंध तिला नसतो. तिखटाचेही तसेच. त्याची धार टिकते, उतरतो तो रंग आणि मिरचीचा गोडसर वास. हळदीचा पिवळेपणा ज्यामुळे असतो ते कर्क्युमिनही उडत नाही. त्याचा शत्रू उजेड आहे. काचेच्या बरणीत खिडकीशी ठेवलेली हळद बाहेरच्या कडेने फिकी दिसते ती यामुळे.

भाजण्याने काय होते

भाजताना तीन गोष्टी घडतात. पहिली, दाण्यातली ओल जाते. वाळलेल्या दिसणाऱ्या धन्या-जिऱ्यातही आठ-दहा टक्के पाणी असते. ते गेले की दाणा ठिसूळ होतो आणि पूड बारीक, मोकळी पडते. दुसरी, तापमान चढल्यावर दाण्यातली साखर आणि प्रथिने यांचा संयोग होऊन खमंगपणा जन्माला येतो. भाकरीच्या पापुद्र्याला, भाजलेल्या दाण्यांना जो वास असतो तो याच क्रियेचा. कच्च्या जिऱ्यात तो नसतोच, तो कढईत तयार होतो. तिसरी गोष्ट तोट्याची. भाजताना थोडे सुगंधी तेल उडते. स्वयंपाकघर दरवळले म्हणजे तेवढा वास मसाल्यातून गेला. म्हणून भाजायचे ते खमंगपणा यावा इतपतच, त्यापुढे प्रत्येक मिनिट नुकसानीचे.

याच कारणाने सगळे जिन्नस एकत्र कढईत ओतणे चुकीचे ठरते. लहान दाणा लवकर भाजतो, जाड दालचिनी उशिरा. एकत्र टाकले तर धने होईपर्यंत खसखस आणि जिरे करपतात. करपलेल्या जिऱ्याचा कडूपणा मसाल्यात मिसळला की नंतर काढता येत नाही. असे जिरे निमूट बाजूला काढून नवे भाजावे, पन्नास ग्रॅम जिरे वाचवण्यासाठी अख्खा मसाला पणाला लावण्यात अर्थ नाही.

जाड बुडाची लोखंडी कढई आणि मंद ते मध्यम आच. घड्याळापेक्षा कान, नाक आणि रंग यांवर भरवसा ठेवावा, कारण आच, कढई आणि जिन्नसाची ओल प्रत्येक घरी वेगळी. धने भाजताना आधी कोवळा, गवतासारखा वास येतो. तो जाऊन खमंग वास सुरू झाला, दाणे हलकेच तडकू लागले आणि एक दाणा बोटांत चिमटल्यावर चटकन फुटला की झाले. जिऱ्याचा रंग एका छटेने गडद झाला की उतरवायचे. तीळ फुगून तडतडू लागले की ताबडतोब परातीत. कढई उतरवली तरी तापलेले लोखंड भाजणे थांबवत नाही, म्हणून जिन्नस कढईतच ठेवून देऊ नये.

यानंतरची पायरी सर्वांत जास्त वेळा चुकते, ती म्हणजे गार होऊ देणे. कोमट दाणे मिक्सरमध्ये गेले की त्यातली उरलीसुरली वाफ पुडीत अडकते आणि पूड दमट होते. शिवाय मिक्सर स्वतःही तापतो. पाती सलग दोन मिनिटे फिरली तर भांडे हाताला चटका देते, आणि ज्या उष्णतेने कढईत सुगंधी तेल उडते त्याच उष्णतेने ते भांड्यातही सुटते. झाकण उघडल्यावर येणारा भपका सुखावणारा असला तरी तो मसाल्यातून गेलेला वास असतो. म्हणून दहा-पंधरा सेकंद फिरवावे, थांबावे, भांडे हलवावे, पुन्हा फिरवावे. मग चाळणीने चाळून वरचा जाड चाळ परत दळावा. काही मोठ्या कारखान्यांत हाच प्रश्न सोडवण्यासाठी दळताना द्रवरूप नायट्रोजन वापरून मसाला अतिथंड ठेवतात. घरी तेवढी सोय नसते, पण थांबत थांबत दळणे जमते. डंकावर मुसळ वरून पडते, चक्कीसारखे सतत घासत नाही, म्हणून कांडपावरचा मसाला तुलनेने कमी तापतो. तरी तो गरम असतोच. लालबागहून आणलेली ती गरम पिशवी तशीच गच्च बांधून ठेवली की आतल्या बाजूला दव जमते. घरी आल्या आल्या मसाला परातीत पसरून पूर्ण निववणे आणि मगच बरणीत भरणे, एवढ्याने त्याचे आयुष्य वाढते.

गोड्या मसाल्याचे गणित

आता एका मसाल्याचा हिशेब नीट मांडू. चौघांच्या घरात आमटी, उसळ, भरली वांगी मिळून रोज साधारण तीन-साडेतीन ग्रॅम, म्हणजे एक शिगोशीग चहाचा चमचा गोडा मसाला लागतो. तीन महिन्यांना पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम पुरतो. तेवढ्यासाठी धने दीडशे ग्रॅम, सुके खोबरे पन्नास, पांढरे तीळ चाळीस आणि जिरे तीस ग्रॅम घ्यावेत. शहाजिरे, दगडफूल, दालचिनी आणि मिरे प्रत्येकी पाच ग्रॅम. लवंगा आणि तमालपत्र चार-चार ग्रॅम, वेलदोडे तीन, नागकेशर दोन आणि खडा हिंग तीन ग्रॅम. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे असते. कुणी खसखस घालतो, कुणी हळकुंडाचा तुकडा, कुणी चार बेडगी मिरच्या. हे प्रमाण एक साधा पाया म्हणून धरावे.

एवढे जिन्नस नजरेखालून घातले की दिसते, या तीनशे ग्रॅममध्ये मसाल्याचे पदार्थ दोनशे दहा-पंधरा ग्रॅम आहेत आणि उरलेले नव्वद ग्रॅम खोबरे आणि तीळ. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल असते, तिळात सुमारे निम्मे. हे तेल सुगंधी तेलासारखे उडून जाणारे नव्हे, ते तिथेच राहते आणि हळूहळू खवट होते. म्हणजे गोड्या मसाल्यात दोन बिघाड एकाच वेळी चालू असतात. धने-जिऱ्याचा वास उडतो आहे आणि खोबरे खवटते आहे. यातला दुसरा आधी पूर्ण होतो. वर्षाचा गोडा मसाला संक्रांतीला बिघडलेला लागतो तेव्हा दोष बहुतेक वेळा धन्याचा नसून खोबऱ्याचा असतो.

खोबऱ्याच्या खवटपणाला ओल फार लवकर साथ देते. नीट न वाळलेली वाटी, बुरशीचा ठिपका असलेला तुकडा किंवा बरणीत शिरलेला दमटपणा यांनी त्यातले तेल फुटते आणि चव साबणासारखी लागते. तीळ खवट झाले तर जुन्या तेलाचा, रंगासारखा उग्र वास येतो. ही दोन लक्षणे माहीत असली म्हणजे मसाल्यात नेमके काय बिघडले ते ओळखता येते.

उपाय अवघड नाही. मसाला दोन भागांत करावा. धने, जिरे, शहाजिरे, दालचिनी, लवंग, मिरे, वेलदोडे, तमालपत्र, दगडफूल, नागकेशर हे वेगवेगळे भाजून, निववून, हिंगासह एकत्र दळावेत. जिन्नस कोरडेच भाजले तर उत्तम. दगडफूल आणि तमालपत्राला थेंबभर तेल लागते तेवढे चालते, पण प्रत्येक जिन्नस चमचा-चमचा तेलावर परतण्याची पद्धत असेल तर तो मसाला चविष्ट होतो आणि लवकरही बिघडतो. भाजताना ओल आणि दळताना थोडी खळ जाऊन हा कोरडा भाग सुमारे दोनशे ग्रॅम भरतो. तो घट्ट झाकणाच्या बरणीत तीन महिने चांगला राहतो.

खोबरे आणि तीळ मात्र दर महिन्याला भाजायचे. महिन्याला किसलेले खोबरे सतरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण पाव वाटी, आणि तीळ तेरा ग्रॅम, म्हणजे दीड मोठा चमचा. खोबरे अगदी मंद आचेवर, सतत हलवत, बदामी रंगावर. ही दोन नुसती मिक्सरमध्ये फिरवली तर तेल सुटून लगदा होतो. म्हणून कोरड्या मसाल्यातले दोन चमचे त्यांत आधीच घालावेत, ते सुटणारे तेल धरून ठेवतात. दोन-तीन झटके देऊन थांबावे. मग सत्तर ग्रॅमच्या आत-बाहेर कोरडा मसाला त्यात कालवला की महिन्याचा गोडा मसाला तयार. या कामाला दहा-बारा मिनिटे लागतात. ज्यांना तेवढीही सवड नाही त्यांनी पूर्ण मसाला एकदम करावा, पण तो तीन महिन्यांपुरताच, आणि महिन्याचा काढून बाकीचा फ्रीजरमध्ये ठेवावा.

कांदा-लसूण मसाल्याचे तत्त्वही हेच, फक्त त्यात ओल हा आणखी एक धोका असतो. कांदा आणि लसूण तळून किंवा वाळवून पूर्ण कुरकुरीत झाले नाहीत तर मसाला आठवड्यात गोळा धरतो आणि त्यावर बुरशी येते. त्यात भरपूर मीठ घालतात ते चवीबरोबरच टिकण्यासाठी, कारण मीठ उरलेली ओल धरून ठेवते. बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचा वापरू नये. बुरशीची काही विषे भाजल्याने किंवा शिजवल्याने जात नाहीत. तो मसाला टाकून द्यावा.

पुडीतले काय घ्यावे

सगळेच घरी करावे असा आग्रह धरण्याचे कारण नाही. हळद घरी दळणे कुणाच्याही मिक्सरच्या पात्यांसाठी बरे नाही. हळकुंड दगडासारखे कठीण, आणि त्याला आधी शिजवून, वाळवून, घासून तयार करण्याचे काम सांगलीसारख्या हळदीच्या पट्ट्यातच होते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. हळदीतले रंगद्रव्य उडत नसल्याने चांगल्या बंद पाकिटातली हळद सहा-आठ महिने खुशाल वापरावी. धोका तिच्या जुनेपणापेक्षा भेसळीचा जास्त. हळदीला झगझगीत पिवळा रंग यावा म्हणून लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य मिसळल्याचे प्रकार बाहेर आले आहेत, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. म्हणून पोत्यातली सुटी, डोळ्यांत भरेल इतकी पिवळी हळद घेऊ नये. पाकिटावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आणि शक्य असेल तर ॲगमार्कचा शिक्का पाहावा. ज्यांना खात्रीच हवी आहे त्यांनी हळकुंडे आणून गिरणीवर दळून घ्यावीत.

तिखटाचेही बरेचसे असेच. रंगाला बेडगी आणि धारेला संकेश्वरी किंवा लवंगी अशी सरमिसळ करून उन्हाळ्यात कांडून घेतलेले तिखट वर्षभर धार टिकवते. बेडगीला भौगोलिक निर्देशांक २०११ मध्ये मिळाला तो कर्नाटकातल्या ब्याडगी गावाच्या नावाने, आणि तिची ओळखच कमी तिखट, जास्त लाल अशी आहे. तिच्या लाल रंगाला उजेड आणि हवा सोसत नाही, तेव्हा वर्षाच्या तिखटाची मोठी बरणी अंधारात असावी आणि महिन्यातून एकदाच उघडावी.

याउलट जे पुडीत कधीच आणू नये त्यात जायफळ पहिले. अख्खे जायफळ वर्षानुवर्षे टिकते आणि श्रीखंडाला, पुरणाला लागते ती चिमूट किसणीवर अर्ध्या मिनिटात निघते. वेलदोड्याची पूड विकत आणण्यातही काही राम नाही. सालीतून काढलेले दाणेसुद्धा सालीसकट ठेवलेल्या वेलदोड्यापेक्षा फार लवकर वास गमावतात, मग पुडीची काय कथा. मिरे खलबत्त्यात त्या त्या वेळी कुटावेत. उरला प्रश्न धने-जिरे पुडीचा, आणि तिथे मात्र घर जिंकते. शंभर ग्रॅम धने आणि चाळीस ग्रॅम जिरे भाजून दळायला निववण्याचा वेळ सोडला तर पंधरा मिनिटे पुरतात, आणि चौघांच्या घराला ती पूड तीन-चार आठवडे होते.

पाकीटच आणायचे असेल तर लहान आणावे. पाव किलोचे पाकीट किलोमागे स्वस्त पडते, पण त्यातला शेवटचा शंभर ग्रॅम बेचव निघाला तर ती बचत उरत नाही. पाकिटावरची मुदत न उघडलेल्या पाकिटासाठी असते. उघडल्या दिवसापासून नवी मोजणी सुरू होते, धनेपुडीला दोन महिने, गरम मसाल्याला तीन-चार. पाकीट सोडले की पूड दुसरीकडे ओतण्याची घाई करू नये. आतल्या चंदेरी थराचे ते पाकीट हवा आणि उजेड अडवण्यात बऱ्याच प्लॅस्टिक डब्यांपेक्षा सरस असते. ते दुमडून, चिमटा लावून तसेच घट्ट डब्यात ठेवावे.

ठेवायचे कसे

मिसळणाचा गोल डबा हाताशी असावाच, पण तो साठवणीसाठी नाही. त्यातल्या सातही वाट्या एकाच झाकणाखाली उघड्या असतात, दिवसातून चार वेळा झाकण निघते आणि शेगडीजवळची वाफ आत जाते. त्यात आठ-दहा दिवसांपुरतेच भरावे आणि बाकीचे लहान, गळ्यापर्यंत भरलेल्या बरण्यांत. मोठ्या बरणीच्या तळाशी उरलेला मसाला लवकर बिघडतो, कारण वरची रिकामी जागा हवेने भरलेली असते. दोन लहान बरण्या एका मोठीपेक्षा चांगल्या. काच किंवा स्टील घ्यावे. लवंगेचे तेल काही प्रकारचे प्लॅस्टिक गढूळ करते आणि धने-जिऱ्याचा वास प्लॅस्टिकमध्ये मुरतो.

जागा निवडताना शेगडीच्या वरचे फडताळ टाळावे. तिथे रोज दोन वेळा उष्णता आणि वाफ चढते. उकळत्या कालवणावर बरणी धरून चमचा काढण्याचीही सवय अनेकांना असते, तिने बरणीच्या तोंडाशी गाठी धरतात. चमचा कोरडा, बरणी दूर, एवढे पाळले तरी पावसाळ्यात फरक दिसतो. कोकणात आणि गोव्यात, जिथे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, तिथे पावसाळ्यापूर्वी पूड शक्य तितकी कमी आणि अख्खे जिन्नस जास्त ठेवावेत.

कीड हा आणखी एक प्रश्न. धने, हळद, तिखट यांना लागणारे तपकिरी बारीक भुंगे बहुतेक वेळा दुकानातूनच अंड्यांच्या रूपाने येतात. जुन्या घरांत बरणीत हिंगाचा खडा ठेवतात, तो किडीला काही प्रमाणात दूर ठेवतो, पण आधीच आत असलेली अंडी मारत नाही. अख्खे धने किंवा हळकुंडे आणली की पिशवी घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावी. उणे अठरा अंशाच्या थंडीत अंडी आणि अळ्या मरतात.

फ्रीज आणि फ्रीजरबाबत मात्र एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो. गार बरणी दमट हवेत उघडली की पुडीवर क्षणात दव जमते, आणि रोज असे झाले तर फायद्याऐवजी तोटा होतो. म्हणून फ्रीजरमधला साठा महिन्याच्या मापाच्या लहान पुड्यांत असावा, एक पुडी बाहेर काढावी, ती बंद असतानाच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि उघडल्यावर परत आत ठेवू नये. गोडा मसाला, मालवणी मसाला, तीळ-खोबऱ्याचा कुठलाही मसाला असा ठेवला तर वर्षभर खवटत नाही. भारताबाहेर राहणाऱ्या मराठी घरांत सुट्टीत नेलेला किलोभर मसाला वर्षभर पुरवायचा असतो, त्यांना हाच मार्ग सोयीचा.

मसाला अजून जिवंत आहे का, हे डब्यात नाक घालून नीट कळत नाही, कारण झाकणाखाली साठलेला वास फसवतो. चिमूटभर पूड तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळावी आणि शेजारी पाच-सहा अख्खे धने चुरडून वास घ्यावा. दोन्ही वासांत फरक फार असेल तर पुडीत आता फारसे काही उरलेले नाही. खोबऱ्याच्या मसाल्यासाठी चिमूटभर मसाला दोन चमचे गरम पाण्यात टाकावा. खवटपणा असला तर वाफेबरोबर तो लगेच वर येतो. वास फक्त मंद झाला असेल तर मसाला खायला धोका नसतो, थोडा जास्त घालून लवकर संपवावा. खवट आणि बुरशीचा मात्र वापरू नये.

बरणीवर चिकटपट्टी लावून दळल्याची तारीख लिहावी, पाकीट असेल तर उघडल्याची. आणि पुडीच्या सगळ्या सवयी एकदम बदलणे शक्य नसेल, तर हळद आणि तिखट खुशाल चांगल्या पाकिटातले आणावे, पण पुढच्या महिन्यात धनेपुडीच्या जागी अख्खे धने आणावेत.